मुद्दल बुडाले तर कोणाचे?

खलिफा उमर यांचे दोन मुलगे, अब्दुल्ला आणि उबैदुल्ला, इराकच्या मोहिमेवरून मदिनेला परत निघाले होते. बसऱ्याला त्यांची गाठ तिथले सुभेदार अबू मूसा अशअरी यांच्याशी पडली. मदिनेच्या खजिन्यात पाठवायची काही रक्कम सुभेदारांकडे होती. त्यांनी मुलांना सुचवले, की हे पैसे उसने घ्या, इराकी माल खरेदी करा, तो मदिनेत विका, मुद्दल खजिन्यात भरा आणि नफा तुम्हाला ठेवा. मुलांनी तसेच केले आणि त्यात चांगला फायदाही झाला. उमर यांना हे कळले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: सैन्यातल्या प्रत्येकाला सुभेदारांनी अशी उसनवारी दिली का? उत्तर अर्थातच नाही असे होते. मग मुद्दलही भरा आणि नफाही भरा, असा हुकूम झाला.

अब्दुल्ला गप्प राहिले. उबैदुल्लांनी मात्र मुद्दा सोडला नाही. पैसे घटले किंवा बुडाले असते, तर भरपाई आम्हालाच करावी लागली असती. मग नफा खजिन्याचा कसा? बापलेकांची ही ओढाताण पाहून सभेतल्या एकाने तोड काढली, की या व्यवहाराला 'किराद' समजा. खलिफांनी ते मानले. मुद्दल आणि अर्धा नफा खजिन्यात गेला, उरलेला अर्धा दोघा भावांनी घेतला.

सातव्या शतकातली ही हकिकत मदिनेचे इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात किरादच्या प्रकरणात येते. किराद हे अरबस्तानातल्या हिजाझकडचे नाव. इराकचे कायदेपंडित त्याच कराराला मुदारबा म्हणत, आणि आज इस्लामी बँकांच्या कागदांवर हेच नाव रूढ आहे. एकाने पैसा द्यायचा, त्याला म्हणतात रब्ब-उल-माल. दुसऱ्याने त्या पैशावर धंदा करायचा, तो मुदारिब. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत एक 'स्लीपिंग पार्टनर' आणि एक 'वर्किंग पार्टनर'. खरे तर उमर यांचा निवाडा कराराच्या नियमाला काटेकोर धरून नव्हता. पैसे उसने घेतलेले असल्याने बुडण्याची जोखीम मुलांवरच होती, आणि त्या हिशेबाने नफाही त्यांचाच होता. पण उबैदुल्लांनी विचारलेला प्रश्न अचूक होता. भागीदारीचा कागद हातात आला की नफ्याचे कलम वाचण्याआधी तोटा कोणाच्या माथी आहे ते शोधावे.

मुदारबात याचे उत्तर ठरलेले आहे. नफा दोघांनी ठरवलेल्या प्रमाणात वाटायचा. ते प्रमाण 50:50 असो, 70:30 असो, दोघांची राजीखुशी पुरे. तोट्याला मात्र असे प्रमाणच नसते. पैशाचा तोटा पूर्णपणे पैसेवाल्याचा. मुदारिबाचे काय गेले? त्याची मेहनत आणि वेळ. वर्षभर राबून त्याच्या हाती काही आले नाही, हाच त्याचा तोटा. मुदारिबानेही काही टक्के तोटा सोसावा, असे कलम घातले तरी हनफी पंथाचे कायदेपंडित करार कायम ठेवून ते कलम तेवढे रद्द धरतात.

आपल्याकडच्या 1932 च्या भागीदारी कायद्याशी तुलना केली की फरक चटकन दिसतो. करारात वेगळे काही ठरले नसेल तर या कायद्यानुसार भागीदार नफा समान वाटतात आणि तोटाही समान सोसतात. शिवाय फर्मच्या देण्यांसाठी बाहेरचा सावकार कोणाही भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतो. मुदारबात पैसेवाल्याची जबाबदारी त्याने दिलेल्या भांडवलापुरतीच असते. त्याच्या परवानगीशिवाय मुदारिबाने धंद्याच्या नावावर जास्तीची उधारी केली, तर ती मुदारिबाच्या गळ्यात.

दोघांनीही पैसे घातले तर तो करार मुशारका होतो. तिथेही तोटा भांडवलाच्या प्रमाणातच सोसायचा, एक पैसाही इकडे तिकडे नाही.

विद्यार्थ्यांची गफलत बहुधा टक्केवारीत होते. 'नफ्याच्या 60 टक्के' आणि 'भांडवलावर 12 टक्के' हे दोन्ही कागदावर सारखेच टक्के दिसतात. पहिला वाटा आहे, दुसरे व्याज. पैसेवाल्याला ठरावीक रक्कम आधी बाजूला काढून द्यायची आणि मग उरलेला नफा वाटायचा, असे कलम असेल तर हनफी मताप्रमाणे अख्खा करारच बाद होतो, कारण एखाद्या वर्षी तेवढाच नफा झाला तर दुसऱ्याच्या वाट्याला शून्य येईल आणि भागीदारी नावापुरतीच उरेल. करार बाद झाल्यावर मुदारिबाला नफ्यात वाटा नाही. त्याच्या कामाची बाजारभावाने होणारी मजुरी तेवढी मिळते.

आता एक हिशेब. सलमाबींनी मसाल्याच्या व्यापारासाठी यूसुफला 10 लाख रुपये दिले. (दोघेही काल्पनिक, आकडेही.) नफ्यात सलमाबींचा वाटा 60 टक्के, यूसुफचा 40. पहिल्या वर्षी 2 लाख नफा झाला. सलमाबींनी 1 लाख 20 हजार घेतले, यूसुफने 80 हजार. धंद्यात पुन्हा 10 लाख उरले. दुसऱ्या वर्षी वेलदोड्याचे भाव कोसळले आणि 3 लाखांचा तोटा झाला. सगळा माल विकून हाती आले 7 लाख. यूसुफने आपले 80 हजार खिशात ठेवून निघून जावे का?

नाही. मुदारबात मुद्दल भरून निघाल्याशिवाय नफा हा शब्दच लागू होत नाही. मधल्या काळात उचललेली रक्कम तात्पुरती असते आणि पक्का हिशेब कराराच्या शेवटी होतो. दोन वर्षांत नफा 2 लाख आणि तोटा 3 लाख, म्हणजे निव्वळ 1 लाखाचा तोटा. नफाच नाही, म्हणून यूसुफला 80 हजार परत करावे लागतात. सलमाबींकडे 7 लाख, हे 80 हजार आणि आधी घेतलेले 1 लाख 20 हजार, असे मिळून 9 लाख येतात. तोटा नेमका 1 लाख, आणि तो पूर्ण त्यांचा.

पण पहिल्या वर्षअखेर दोघांनी माल विकून हिशेब मिटवला असता, मुद्दल सलमाबींच्या हातात ठेवले असते आणि मग त्याच पैशावर नवा करार केला असता तर? मग पहिल्या वर्षाचा नफा पक्का झाला. यूसुफचे 80 हजार त्याचेच राहतात. सलमाबींकडे 7 लाख अधिक 1 लाख 20 हजार, म्हणजे 8 लाख 20 हजार उरतात. धंदा तोच, भाव तेच, फरक फक्त हिशेब कधी बंद केला याचा, आणि तेवढ्याने 80 हजार इकडचे तिकडे झाले. आज हजारो खातेदारांचे पैसे एकत्र चालवणाऱ्या बँका प्रत्यक्ष सगळे विकून हिशेब मिटवू शकत नाहीत. त्या ठरावीक मुदतीनंतर मालमत्तेचे मूल्यांकन करून हिशेब मिटला असे मानतात. त्यामुळे ते मूल्यांकन कोणी आणि कसे केले, हा कागदातला सगळ्यात महागडा तपशील ठरतो.

खर्चाबाबत जुन्या हनफी पंडितांनी केलेला कीस वाचण्यासारखा आहे. मुदारिब स्वतःच्या गावी असेल तर त्याने जेवणखाण स्वतःच्या पैशाने करावे. व्यापारासाठी बाहेरगावी गेला की अन्न, कपडे आणि स्वारीचा खर्च धंद्यातून. औषधपाणी मात्र रूढ मतानुसार स्वतःच्या खिशातून, कारण आजार काही व्यापारामुळे होत नाही. प्रवासभत्त्याच्या बिलांवरून आजच्या कचेऱ्यांत चालणारे वाद यापेक्षा फार वेगळे नसतात.

तोटा पैसेवाल्याचा, या नियमाला एक मोठा अपवाद आहे. मुदारिबाने हलगर्जीपणा केला, लबाडी केली किंवा अटी मोडल्या, तर भरपाई त्याची. सलमाबींनी फक्त मसाल्याचा धंदा कर असे सांगितले असताना यूसुफने ते पैसे जमिनीच्या सौद्यात घातले आणि ते बुडाले, तर मुद्दल त्याने स्वतः भरून द्यायचे. भाव पडला तर मात्र तो दोषी नाही. अडचण अशी, की भाव पडला की यूसुफने वेळेवर विकले नाही, हे मदिनेत किंवा मुंबईत घरी बसलेल्या माणसाला कळावे कसे? वह्या यूसुफच्या हातात, बाजाराची खबर त्याच्याकडे. झालेला नफा कमी दाखवण्याचा मोहही त्यालाच. इस्लामी बँका कर्जदारांना पैसे देताना मुदारबा फारसा वापरत नाहीत आणि मुराबहा, म्हणजे वस्तू घेऊन ठरलेला नफा चढवून हप्त्याने विकण्याचा करार पसंत करतात, त्यामागे हेच मोठे कारण आहे.

नावाने फसू नये. बंगळुरूत 2019 मध्ये 'हलाल' गुंतवणुकीची एक योजना कोसळली आणि हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. लोकांना कागदोपत्री भागीदार करून घेतले होते आणि दरमहा चढा परतावा दिला जात होता. खऱ्या धंद्याला मंदीचे महिने येतात. वाटा ज्याच्यातून निघतो तो धंदा आणि त्याचा तपासलेला ताळेबंद दाखवा, एवढी मागणी करण्याचा हक्क भागीदाराला असतोच.

ठेवी गोळा करताना बँका मुदारबा सर्रास वापरत आल्या. इथे खातेदार सलमाबी आणि बँक यूसुफ. कागदावर खातेदाराचे पैसे बुडू शकतात. पण शेजारची व्याजी बँक 4 टक्के देत असताना आपण 2 टक्के दिले तर माणसे पैसे काढून नेतील, ही बँकेची धास्ती. मग बँक आपल्या वाट्यातले थोडे सोडते. चांगल्या वर्षात दोन राखीव गंगाजळ्याही भरून ठेवते. एक नफा वाटण्यापूर्वी दोघांच्या मिळून काढलेली, परताव्याचे चढउतार सपाट करायला. दुसरी फक्त खातेदारांच्या वाट्यातून काढलेली, पुढच्या तोट्याला ठिगळ लावायला. खातेदाराला दरसाल जवळपास तेवढाच आकडा दिसत राहतो. तो त्याला ठेव समजतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही.

मलेशियाने 2013 च्या इस्लामी वित्त सेवा कायद्याने ही सरमिसळ मोडली. इस्लामी ठेव असेल तर मुद्दल परत मिळण्याची हमी हवी. मुदारबा असेल तर ते गुंतवणूक खाते म्हणायचे, त्याला हमीही नाही आणि ठेव विम्याचे संरक्षणही नाही. 2015 च्या मध्यापर्यंत बँकांनी जुन्या मुदारबा खातेदारांना विचारायचे होते, की तुम्हाला यातले कोणते हवे. बुडण्याची शक्यता पहिल्यांदाच स्पष्ट छापलेली पाहून बहुतेक पैसा हमीच्या ठेवींकडे वळला. त्या ठेवींसाठी बँकांनी मोठ्या प्रमाणावर तवर्रुक हा वस्तूंच्या खरेदीविक्रीवर उभा करार वापरला. त्यात खातेदाराचा नफा आधीच ठरलेला असतो.