मथळा येतो पानावरून

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात बेअरिंग विकणारा एक व्यापारी कल्पनेत घ्या. त्याच्या वेबसाइटवर आठ हजार पानं आहेत, दर मालाला एक. त्याचं गिऱ्हाईक नुसतं ‘बेअरिंग’ असं सहसा शोधत नाही. कारखान्यातला मेंटेनन्सवाला झिजलेल्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर पुसून वाचतो आणि मोबाइलवर टाकतो, `6205 2rs price`. त्याला आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असलेलं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं नेमकं तेच बेअरिंग हवं असतं.

गूगलवर नेहमीची जाहिरात द्यायची तर असे शोधशब्द, म्हणजे कीवर्ड, आधी भरून ठेवावे लागतात. आठ हजार नंबर आणि प्रत्येक नंबर टाइप करण्याच्या चार तऱ्हा! एवढं भरलं तरी ज्या शब्दाला फारसं कुणी शोधत नाही तो गूगल ‘कमी शोध’ असा शेरा मारून निष्क्रिय ठेवतं. एकेक नंबर महिन्यातून दोनदाच शोधला जातो, पण सगळे मिळून धंदा मोठा असतो, आणि नेमका तोच हातून जातो.

ही अडचण ओळखून गूगलने २०११मध्ये डायनॅमिक सर्च अ‍ॅड्स आणल्या. इथे कीवर्ड द्यायचे नसतात, वेबसाइट द्यायची असते. गूगलने साइटची पानं आधीच वाचून ठेवलेली असतात. कुणी काही शोधलं की त्याला जुळणारं पान निवडलं जातं, मथळा त्या पानातल्या मजकुरावरून आणि शोधावरून तिथल्या तिथे तयार होतो, आणि क्लिक थेट त्याच पानावर उतरतो. आपण लिहायच्या त्या फक्त खालच्या वर्णनाच्या ओळी. मथळा आधी पाहून मंजूर करण्याची सोय नाही.

म्हणून खरं काम वेबसाइटवर आहे. पानाचं शीर्षक ‘6205-2RS बॉल बेअरिंग, २५×५२×१५ मिमी’ असं असेल तर मथळाही चोख येतो. पण आठ हजार पानांना ‘उत्पादन तपशील’ हे एकच शीर्षक असेल, तर यंत्राला वाचायला काहीच उरत नाही. अशा साइट मी बऱ्याच पाहिल्या आहेत. आधी गूगलवर `site:` लिहून त्याला जोडून आपला पत्ता टाकावा आणि कोणती पानं, कोणत्या शीर्षकांनी दिसतात ते बघावं. लॉगिनच्या आड असलेली किंवा नुसत्या फोटोंनी भरलेली पानं इथे कामाची नाहीत.

आता हिशेब. समजा, एका क्लिकला आठ रुपये पडतात आणि पंचवीस क्लिकमागे एक ऑर्डर येते. म्हणजे एका ऑर्डरचा जाहिरातखर्च दोनशे रुपये. सुटं बेअरिंग एकशेऐंशी रुपयांना विकणाऱ्याचं यात दिवाळं निघेल. पण सहा हजारांच्या रोलर बेअरिंगवर पंधरा टक्के सुटत असतील, तर नऊशेतले सातशे हातात राहतात. तेव्हा ‘सगळी पानं’ हा सोपा पर्याय न घेता कोणती पानं चालवायची याची यादी, म्हणजे पेज फीड, द्यावी आणि पानांना खुणेचं लेबल लावावं:

```
Page URL,Custom label
https://example.com/p/22212,roller
https://example.com/p/6205-2rs-box,box
```

दुसऱ्या ओळीतला माल सुटा नाही, खोक्यातला आहे. दर लेबलसाठी वेगळा जाहिरात गट केला की वर्णनही मालाला शोभेल असं लिहिता येतं.

गाडी कुठे घसरते ते ‘सर्च टर्म्स’च्या अहवालात दिसतं. तिथे शोध, त्यावर तयार झालेला मथळा आणि उघडलेलं पान शेजारी शेजारी असतात. पहिल्या आठवड्यात तो रोज उघडावा. सगळी पानं मोकळी सोडली असतील, तर नोकरी शोधणारे भरतीच्या पानावर आणि विद्यार्थी माहितीच्या लेखावर आलेले दिसतील, पैसे मात्र आपले गेलेले. नको ते शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकावेत, आणि ज्या पानावर ‘सध्या उपलब्ध नाही’ असा मजकूर आहे ती वगळण्याचा नियम लावावा. हा नियमही गूगलने पान शेवटचं कधी वाचलं त्यावर चालतो, त्यामुळे सकाळी संपलेला माल दुपारीही जाहिरातीत दिसू शकतो. रोज सौदे बदलणाऱ्या साइटला हा प्रकार मानवत नाही तो याचसाठी. चाळीसच वस्तू विकणाऱ्यानेही यात पडू नये. त्याला स्वतः कीवर्ड लिहिणं एका दुपारचं काम आहे आणि मथळाही त्याच्या ताब्यात राहतो.

अहवालात एखादा शोध पुन्हा पुन्हा ऑर्डर देताना दिसला, तर तो उचलून साध्या जाहिरातीत ‘एग्झॅक्ट’ कीवर्ड म्हणून ठेवावा. तोच शोध पुढे आला की सहसा ती जाहिरात आधी धरली जाते आणि मथळा आपण लिहिलेला असतो. उरलेले हजारो किरकोळ नंबर डायनॅमिककडेच राहू द्यावेत.