दहा सेकंदांच्या गोलाचा हिशेब

२ जुलै २०१८. रशियातल्या रोस्तोव्ह शहरात विश्वचषकाच्या बाद फेरीत बेल्जियम आणि जपान २-२ अशा बरोबरीत होते. भरपाई वेळ संपत आली होती आणि कॉर्नर जपानला मिळाला होता. होंडाने मारलेला तो कॉर्नर बेल्जियमचा गोलरक्षक कुर्त्वा याने हवेतच झेलला आणि लगेच हाताने घरंगळत डी ब्रुयनेकडे दिला. डी ब्रुयने मैदानाच्या मधोमध चेंडू घेऊन सुसाट धावला, मध्यरेषा ओलांडून बराच पुढे गेला आणि योग्य क्षणी उजवीकडे मुनियेला पास दिला. मुनियेने पहिल्याच स्पर्शात चेंडू गोलासमोर आडवा टाकला. लुकाकूने पाय लावल्यासारखे करून तो सोडून दिला आणि मागून आलेल्या शाडलीने तो जाळ्यात ढकलला. कुर्त्वाच्या हातातून जाळ्यात जायला चेंडूला दहा सेकंदांच्या आसपास लागले.

अधिकृत नोंदीत गोल शाडलीचा आणि असिस्ट मुनियेचा. ज्याच्या धावेने जपानचा संघ उघडा पडला, त्या डी ब्रुयनेच्या खात्यात काहीच नाही. फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात, की शेवटच्या दोन स्पर्शांपुरतीच नोंद ठेवली तर बहुतेक खेळ हिशेबाबाहेर राहतो. मग प्रत्येक पासचे, चेंडू घेऊन केलेल्या प्रत्येक धावेचे मोल कसे ठरवायचे? सेरा रड यांनी २०११मध्ये यासाठी संभाव्यतेच्या साखळीचे गणित वापरून दाखवले होते. पुढे करुण सिंग यांनी २०१८च्या सुमारास त्याच वाटेने एक सुटसुटीत पद्धत मांडली. तिचे नाव ‘एक्स्पेक्टेड थ्रेट’, थोडक्यात एक्सटी.

कल्पना अशी, की मैदानाचे चौकोन पाडायचे आणि चेंडू ज्या चौकोनात आहे तिथून पुढच्या काही चालींत गोल होण्याची शक्यता किती, हे जुन्या सामन्यांच्या नोंदींवरून काढायचे. चेंडू कमी मोलाच्या चौकोनातून जास्त मोलाच्या चौकोनात नेला, की मधला फरक नेणाऱ्याच्या खात्यात जमा. तो पासने नेला की पायात घेऊन, याने फरक पडत नाही.

एका चौकोनाचे मोल कसे निघते, ते सोप्या आकड्यांवर पाहू. समजा, एका चौकोनात खेळाडूंकडे शंभर वेळा चेंडू आला. त्यातल्या वीस वेळा त्यांनी गोलवर फटका मारला आणि दोन गोल झाले. उरलेल्या ऐंशी वेळा चेंडू पुढे-मागे खेळवला. त्यातल्या वीस वेळा तो प्रतिस्पर्ध्यांकडे गेला, म्हणजे हाती शून्य. पन्नास वेळा तो २ टक्के मोलाच्या चौकोनांत पोहोचला, म्हणजे अपेक्षेप्रमाणे आणखी एक गोल. दहा वेळा तो १० टक्के मोलाच्या चौकोनात गेला, म्हणजे आणखी एक. एकूण शंभरात चार गोल, म्हणून या चौकोनाचे मोल ४ टक्के.

पण शेजारच्या चौकोनांचे मोल आधी कळल्याशिवाय याचे मोल निघत नाही, आणि त्यांचेही याच्याशिवाय निघत नाही. हा पेच सोडवायची युक्ती मला फार आवडते. सुरुवातीला सगळ्या चौकोनांना शून्य द्यायचे. पहिल्या फेरीत फक्त थेट फटक्यांचे मोल उतरते, त्यामुळे गोलाजवळचेच चौकोन उजळतात. दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे चेंडू पोहोचवणाऱ्या चौकोनांना वाटा मिळतो, तिसऱ्या फेरीत त्यांच्याही मागच्यांना. चार-पाच फेऱ्यांत आकडे जवळपास स्थिरावतात.

सिंग यांनी १२ बाय ८ चौकोनांची एक तयार सारणी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. त्यातले आकडे ढोबळ करून, आणि खेळाडूंच्या जागा अंदाजाने धरून, त्या गोलाला लावून पाहू. कुर्त्वापासून डी ब्रुयनेपर्यंत चेंडू १ टक्क्याच्या पट्ट्यातच राहतो, म्हणून कुर्त्वाला जवळजवळ काहीच नाही. डी ब्रुयनेची धाव संपते तिथे मोल २ टक्के. धावेची कमाई १. उजवीकडे मुनियेच्या जागी ४ टक्के. म्हणजे डी ब्रुयनेच्या पासचे २. आणि मुनियेचा आडवा पास पोहोचला त्या गोलासमोरच्या चौकोनाचे मोल सुमारे २६ टक्के, म्हणून मुनियेला २२!

ज्याला न्याय द्यायला ही पद्धत काढली, त्याच्या पदरात शेवटी तीन टक्केच पडले. इथे गणितात चूक नाही. सारणीतला प्रत्येक आकडा हजारो प्रसंगांची सरासरी असतो. एरवी मध्यरेषेपलीकडे चेंडू येतो तेव्हा समोर आठ-दहा बचाव करणारे असतात आणि तिथून गोल क्वचितच होतो. त्या रात्री जपानचे बहुतेक खेळाडू कॉर्नरसाठी पुढे गेलेले होते. सारणीला फक्त चेंडूची जागा दिसते; प्रतिस्पर्धी कुठे आहेत, चेंडू किती वेगाने आला, हे तिला कळत नाही. म्हणून प्रतिहल्ल्यातली धाव ती फार स्वस्तात तोलते आणि माणसांच्या भिंतीपुढे संथपणे खेळवलेला पास महागात.

लुकाकूचे तर नावही या हिशेबात येत नाही. त्याने आधी आतल्या बाजूला धावून बचावपटूला सोबत ओढले आणि मुनियेसाठी उजवी बाजू मोकळी केली. नंतर चेंडूला स्पर्शही न करता तो जाऊ दिला. एक्सटी चेंडूवर झालेल्या कृतींच्या नोंदींवर चालते आणि लुकाकूने चेंडूवर काहीच केले नाही. त्याच्या धावेचे मोल काढायला प्रत्येक क्षणी सर्व बावीस खेळाडू कुठे होते, याची नोंद लागते.

वेगाच्या बाबतीत मात्र सुधारणा झाली आहे. बेल्जियममधल्याच ल्युव्हेन विद्यापीठात टॉम डेक्रूस आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये ‘व्हेप’ नावाची पद्धत मांडली. ती एकट्या जागेऐवजी शेवटच्या तीन कृती एकत्र पाहते: त्या कोणत्या होत्या, कुठे झाल्या, मधे किती वेळ गेला. त्यामुळे गोलरक्षकाकडून काही सेकंदांत मध्यरेषेपलीकडे आलेला चेंडू तिला वेगळा ओळखू येतो. शिवाय आपल्यावर गोल होण्याचा धोका वाढला का, हेही ती मोजते.

हा धोका साध्या एक्सटीत सुटतो, आणि खेळाडूंच्या याद्या वाचताना ते लक्षात ठेवायला हवे. प्रचलित हिशेबात फक्त यशस्वी पास आणि धावा धरतात. समजा, एका विंगरने बॉक्समध्ये दहा क्रॉस टाकले, दोन पोहोचले आणि आठ गमावले. त्याला दोन्ही क्रॉसचे भरघोस गुण मिळतात, आठांची वजावट होत नाही. शेजारचा मध्यरक्षक तोच चेंडू दहाही वेळा राखून थोडाथोडा पुढे सरकवतो आणि यादीत खाली राहतो. म्हणून गमावलेल्या प्रत्येक पाससाठी निदान सुरुवातीच्या चौकोनाचे मोल वजा करावे. ते केल्यावर ज्याचा क्रमांक एकदम घसरतो, त्याची कमाई नेमकेपणापेक्षा प्रयत्नांच्या संख्येवर उभी होती असे समजावे, आणि मग त्याचे सामने बघायला बसावे.