तार तीच, वेळ निराळी

एखाद्या चिपमध्ये आठ तारा एकमेकींना खेटून धावतात असे समजा. एका ठोक्याला त्यांच्यावरची स्थिती `00000000` होती, पुढच्या ठोक्याला `11111111` झाली. दुसऱ्या एका प्रसंगी `01010101` चे `10101010` झाले. दोन्ही वेळा आठही तारांवरचा संकेत उलटला. तारांची लांबी तीच, धातू तोच, मागून ढकलणारे ड्रायव्हरही तेच. तरीही मधल्या एखाद्या तारेवर पहिला बदल पलीकडे पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या चौपट वेळ दुसऱ्या बदलाला लागू शकतो. संकेताला किती उशीर होईल हे शेजारणी त्याच क्षणी काय करताहेत त्यावरही ठरते.

याला क्रॉसटॉक म्हणतात. जुन्या लँडलाइनवर मध्येच तिसऱ्याच कुणाचे बोलणे ऐकू यायचे आणि ‘क्रॉस कनेक्शन झालंय’ म्हणत आपण फोन ठेवायचो, त्याच्याच जातकुळीतला हा त्रास. फोनवर मात्र तो निदान कानाला कळायचा. चिपमध्ये शेजारणीच्या ढवळाढवळीमुळे गप्प बसलेल्या तारेवर खोटा झटका येऊ शकतो, तो एक प्रकार. दुसरा अधिक छुपा आहे: निरोप बरोबरच पोचतो, पण उशिरा पोचतो किंवा फार लवकर पोचतो. आपण या दुसऱ्या प्रकाराकडेच पाहू.

दोन धातू जवळजवळ ठेवून मध्ये विद्युतरोधक घातला की कपॅसिटर तयार होतो. चिपमधल्या प्रत्येक तारेचे असे कपॅसिटर आपोआप बनतात: काही खालच्या-वरच्या थरांशी, काही डाव्या-उजव्या शेजारणींशी. चिपवर दाटी वाढत गेली तशा तारा अरुंद झाल्या, पण त्याच प्रमाणात बुटक्या केल्या असत्या तर त्यांचा रोध भलताच वाढला असता. म्हणून त्या उंच राहिल्या. आजच्या बऱ्याच तारांची उंची रुंदीच्या दुपटीच्या आसपास असते. शेजारच्या दोन तारा म्हणजे समोरासमोर उभ्या केलेल्या दोन भिंतीच. तळापेक्षा या भिंतींचे क्षेत्रफळ मोठे आणि मधली फट बारीक, त्यामुळे शेजारणीशी असलेली धारिता जमिनीशी असलेल्या धारितेच्या बरोबरीची, कधी तिच्याहून मोठीही होते. आयबीएमने १९९७ मध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारा जाहीर केल्या. त्याने रोध घटला. पुढे तारांमधल्या काचेसारख्या ऑक्साइडच्या जागी कमी धारिता देणारी द्रव्ये आली. दोन्हींचा उपयोग झाला, पण भिंती समोरासमोरच राहिल्या.

संकेत बदलायचा म्हणजे या कपॅसिटरांमध्ये विद्युतभार भरायचा किंवा काढायचा. किती भरायचा हे कपॅसिटरच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक किती बदलतो त्यावर ठरते, आणि सगळी गंमत इथेच आहे. जमिनीकडचे टोक हलत नाही. शेजारणीकडचे टोक मात्र हलते. जिन्याच्या एकाच पायरीवर दोघेजण एक रबरी पट्टा धरून उभे आहेत. दोघेही एक मजला चढले, तर पट्टा ताणलाच जात नाही. एक चढला आणि दुसरा जागीच राहिला, तर पट्टा एका मजल्याएवढा ताणतो. एक चढला आणि दुसरा तितकाच उतरला, तर दोन मजल्यांएवढा. आपली तार चढत असताना शेजारची तार तिच्याबरोबर चढली तर मधल्या कपॅसिटरचे ओझे शून्य, ती स्थिर राहिली तर एकपट आणि उलट दिशेने गेली तर दुप्पट. एकाच कपॅसिटरचे ओझे त्याच्या दुसऱ्या टोकाच्या हालचालीने कमीजास्त भासते, हे जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९२० मध्ये व्हॅक्यूम ट्यूबच्या संदर्भात मांडले होते. म्हणून या शून्य-एक-दोनच्या गुणकाला आजही मिलर गुणक म्हणतात.

आता आकडे घालून पाहू. हे उदाहरण मी हिशेबासाठी बेतले आहे, पण आकडे वास्तवाला धरून आहेत. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या तारेची जमिनीशी धारिता ८० फेम्टोफॅरड, दोन्ही बाजूंच्या शेजारणींशी प्रत्येकी ६०. ड्रायव्हरचा रोध एक हजार ओहम. तारेचा स्वतःचा रोध सोपेपणासाठी बाजूला ठेवू. संकेत अर्ध्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या ०.६९ पट.

दोन्ही शेजारणी गप्प असतील तर एकूण धारिता ८० अधिक १२०, म्हणजे २००. वेळ १३८ पिकोसेकंद. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.) दोघी बरोबरीने त्याच दिशेने गेल्या, तर उरतात फक्त ८०, आणि वेळ येतो ५५. दोघी उलट गेल्या, तर ८० अधिक २४० असे ३२० होतात आणि वेळ २२१ वर जातो. सुरुवातीला म्हटलेला चौपटीचा फरक तो हाच. `01010101` मध्ये मधल्या प्रत्येक तारेच्या दोन्ही शेजारणी उलट धावतात, म्हणून तो नमुना सर्वांत वाईट.

खरे तर शून्य ते दोन ही मर्यादाही सुटसुटीत हिशेबाची आहे. ती तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही तारा एकाच क्षणी आणि सारख्याच वेगाने बदलतात. शेजारणीचा ड्रायव्हर दांडगा असेल, तर आपली तार अर्ध्यावर येईपर्यंत तिचा पूर्ण मजला उतरून झालेला असतो. आपण अर्धा चढलो, ती पूर्ण उतरली, फरक दीड मजल्याचा. आपल्या अर्ध्याच्या मानाने तो तिप्पट. म्हणजे गुणक तीन. तीच जर दांडगाईने आपल्याच दिशेने गेली तर गुणक उणे एक होतो: ती आपल्याला ओढूनच नेते. चिपचे टाइमिंग तपासणारी मंडळी त्रास देणाऱ्या तारेला ॲग्रेसर आणि सोसणारीला व्हिक्टिम म्हणतात. नावे जरा नाटकी आहेत, पण प्रत्येक तार एकाच वेळी दोन्ही असते हे त्यांत दिसत नाही.

उशीर झाला तर काय होते? चिपचे घड्याळ २ गिगाहर्ट्झचे असेल तर दोन ठोक्यांमध्ये ५०० पिकोसेकंद असतात. त्यातले ३०० बाकीच्या लॉजिकमध्ये खर्च झाले, तर आपल्या तारेच्या वाट्याला २०० उरतात. शेजार शांत असताना १३८ लागतात, सगळे सुरळीत. एखाद्या दिवशी नेमका उलटासुलटा नमुना आला की २२१ लागतात आणि पलीकडचा फ्लिपफ्लॉप जुनाच बिट उचलतो. याला सेटअप चुकणे म्हणतात. चाचणीच्या टेबलावर हा दोष ओळखायची खूण अशी: चूक ठराविक डेटावरच दिसते आणि घड्याळ थोडे मंद केले की नाहीशी होते. इथे १.९ गिगाहर्ट्झवर आणले की २६ पिकोसेकंद जास्तीचे मिळतात, आणि तेवढ्यात २२१ बसतात.

लवकर पोचणे हा मात्र खरा घातक प्रकार आहे, आणि नवख्याला तोच पटत नाही. संकेत वेगाने पोचला, तर बिघडले कुठे? बिघडते असे. पाठवणारा आणि घेणारा फ्लिपफ्लॉप एकाच ठोक्यावर चालतात, पण घेणाऱ्याकडे तो ठोका, समजा, ६० पिकोसेकंद उशिरा पोचतो, आणि ठोक्यानंतरही २० पिकोसेकंद त्याच्या दारातला जुना बिट हलता कामा नये. म्हणजे नवा बिट ८० च्या आत आलेला चालणार नाही. पाठवणाऱ्याचे ४० आणि छोट्या तारेचे ५० मिळून ९०, काम भागते. शेजारणींनी हात दिला आणि तारेचे ५० चे २० झाले, की एकूण ६० होतात. नवा बिट जुन्याला वेळेआधीच ढकलून देतो. याला होल्ड चुकणे म्हणतात. यात घड्याळ मंद करून काही साधत नाही, कारण शर्यत एकाच ठोक्याच्या आतली आहे. दोन ठोक्यांमधले अंतर या हिशेबात येतच नाही. सेटअप चुकलेली चिप निदान कमी वेगाची म्हणून विकता येते. होल्ड चुकलेली चिप बहुधा टाकूनच द्यावी लागते.

हे सगळे चिप बनण्याआधी हुडकायचे, तर लाखो तारांच्या शेजारणी तपासाव्या लागतात, आणि त्यात एक चक्र आडवे येते. शेजारीण त्रास देईल ती तिचा बदल आपल्या बदलाच्या वेळीच झाला तर. पण ती केव्हा बदलेल हे तिच्या उशिरावर ठरते, आणि तिचा उशीर आपल्यावर. म्हणून सॉफ्टवेअर आधी सगळ्या शेजारणी वाईटात वाईट वेळी बदलतात असे धरून प्रत्येक तारेची लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा अशी खिडकी काढते. मग ज्या दोघींच्या खिडक्या एकमेकींवर येतच नाहीत, त्यांचा परस्परांवरचा भार वगळून पुन्हा हिशेब करते. एकीची खिडकी १०० ते १८० आणि दुसरीची ३०० ते ३८० असेल, तर त्या भांडणारच नाहीत. अशा फेऱ्या करत आकडे स्थिरावतात, तरी ते सावधगिरीच्या बाजूलाच झुकलेले असतात: दोन तारा प्रत्यक्षात कधीच उलट दिशेने जाणार नसतील तरी सॉफ्टवेअरला ते सहसा माहीत नसते.

उपायांपैकी सर्वांत सरळ म्हणजे अंतर वाढवणे. फट दुप्पट केली तर शेजारणीची धारिता साधारण निम्मी होते. आपल्या उदाहरणात वाईटात वाईट वेळ २२१ वरून १३८ च्या आसपास येतो. दुसरा उपाय मधून जमिनीला जोडलेली तार नेण्याचा, म्हणजे शील्डचा. शील्ड हलत नाही, त्यामुळे गुणक कायम एक आणि वेळ कायम १३८. संकेत जलद झाला नाही, पण बेभरवशाचा राहिला नाही. जागा मात्र जवळजवळ दुप्पट जाते. ड्रायव्हर मोठा करावा हे सुचणे साहजिक आहे. आपला उशीर त्याने घटतोही, पण आपण शेजारणींसाठी अधिक दांडगे होतो. ही तोड बऱ्याचदा दुखणे पलीकडच्या गल्लीत ढकलते.

मला सर्वांत आवडणाऱ्या युक्तीत फारशी जागा जात नाही. लांब तारेत अधूनमधून इन्व्हर्टर बसवावेच लागतात. ते संकेत उलटा करून पुढे ढकलतात. शेजारच्या दोन तारांचे इन्व्हर्टर एकमेकांसमोर न बसवता एकीचा दुसरीच्या दोन इन्व्हर्टरांच्या मधोमध येईल असे बसवायचे. मग पहिल्या अर्ध्या तुकड्यात शेजारीण उलट धावत असेल, तर पुढच्या अर्ध्यात ती आपसूक त्याच दिशेने धावते. दोनचा गुणक आणि शून्याचा गुणक एकमेकांना खातात, सरासरी एकच्या जवळ राहते, मग डेटा कुठलाही असो.

कुठे काय वापरायचे याचा निवाडा शेवटी जागेवरच होतो. घड्याळाच्या मुख्य तारांचा उशीर जराही हललेला चालत नाही, म्हणून त्यांना बहुधा शील्ड मिळते. लांब बसच्या तारांना जास्तीचे अंतर किंवा सरकवलेले इन्व्हर्टर मिळतात. उरलेल्या लाखो तारा दाटीतच राहतात, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक उशिराचे दोन आकडे ठेवले जातात: सेटअप तपासायला मोठा, होल्ड तपासायला छोटा.