यादी लांबली, पाठपुरावा राहिला: कपडे कारखान्यांच्या सोशल ऑडिटची पस्तीस वर्षं

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार जिवाला मुकले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या दारांना कुलपं होती. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी याच कारखान्याला ‘एसए ८०००’ हे कामगारहिताचं प्रमाणपत्र मिळालेलं होतं. सुरक्षिततेचे प्रश्न तपासणीच्या यादीत नव्हते असं नाही. त्यांची उत्तरं कागदावर बरोबर होती.

ही यादी आली कुठून? परदेशी ब्रँड स्वतःचे कारखाने बंद करून आशियात शिवून घेऊ लागले, तेव्हा तिथल्या कामगारांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उभा राहिला. लेव्हाय स्ट्रॉसने १९९१ मध्ये पुरवठादारांसाठी अटी लिहून काढल्या, पाठोपाठ नाइकीने आचारसंहिता काढली. १९९७ मध्ये ‘एसए ८०००’ आलं, तर १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रँड, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन ‘एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह’ उभं केलं. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, संघटनेचा हक्क, सुरक्षित जागा, पोटापुरतं वेतन, कामाच्या तासांना मर्यादा ही त्यातली कलमं आजही बहुतेक सगळ्या याद्यांचा पाया आहेत.

पुढे एकाच कारखान्यात दर महिन्याला वेगळ्या बायरचा ऑडिटर येऊन तेच प्रश्न विचारू लागला. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये युरोपीय व्यापाऱ्यांची ‘बीएससीआय’ पद्धत आली, २००४ पासून ‘सेडेक्स’वर अहवाल एकमेकांना दाखवण्याची सोय झाली. कारखानदाराचा ताप कमी झाला, मात्र एक गोष्ट तशीच राहिली. ऑडिटची फी बहुतेक वेळा कारखानदारच भरतो आणि ऑडिटर त्याच्याच फाटकातून आत येतो.

फाटकाबाहेरचं काय, हे २००७ मध्ये दिसलं. दिल्लीच्या एका वस्तीत लहान मुलं गॅपच्या बालकपड्यांवर भरतकाम करताना एका ब्रिटिश वृत्तपत्राला सापडली. काम कंत्राटातून उपकंत्राटात आणि तिथून त्या खोलीत पोचलेलं होतं. गॅपने माल रद्द केला. पण खरा धडा वेगळा होता: बटणं, टिकल्या, भरतकाम यांचं चलन कुठे फाडलं जातं हे न पाहता केलेलं ऑडिट अर्धंच असतं.

प्रत्यक्ष तपासणी कशी चालते, हे एका कल्पित कारखान्यावरून पाहू. समजा, बांद्यात साठ मशीनचं एक शिलाई युनिट आहे. ऐंशी कामगार, त्यात साठ बायका. गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव, त्यामुळे हाताला चांगलं वळण असलेली बाई चार पैसे जास्त मिळाले तर हद्द ओलांडून गोव्यातल्या कारखान्यात जाते. मालकाला माणसं टिकवायची आहेत आणि मुंबईच्या निर्यातदाराची ऑर्डरही वेळेत द्यायची आहे. निर्यातदार म्हणतो, आधी सोशल ऑडिट करून घ्या.

एवढ्या आकाराच्या युनिटला साधारण एक ऑडिटर एक दिवस देतो. सकाळी मालकाबरोबर बैठक, मग कारखान्यात फेरी. मजल्यावरचे प्रश्न सोपे असतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. बाहेर पडायच्या वाटा किती, दारं आतून एका धक्क्यात उघडतात का, पिवळ्या पट्ट्यांमधल्या वाटेत कापडाचे गठ्ठे रचलेत का. शिलाई मशीनला सुईचा गार्ड आहे का, ओव्हरलॉकला डोळ्यांपुढची काच आहे का, पट्ट्याचं चाक झाकलेलं आहे का. कटिंग मास्टरच्या हातात लोखंडी जाळीचा मोजा आहे का, की तो ऑडिटच्या दिवसापुरता कपाटातून काढलाय? नवाकोरा, घडी न मोडलेला मोजा पाहिला की उत्तर मिळतं.

मग पाळणाघर. कारखाने कायद्यात तीसहून अधिक बायकांसाठी ते बंधनकारक होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये मर्यादा पन्नास कामगारांची आहे. आपल्या युनिटला दोन्ही हिशेबांनी ते हवंच. ऑडिटर खोली पाहतो, पण शहाणा ऑडिटर मुलांची हजेरी आणि सांभाळणाऱ्या बाईचा पगार पगारपत्रकात शोधतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समितीही तशीच. भिंतीवर नावं लावलेली असतात. पाच बायकांना वेगवेगळं विचारायचं, तक्रार असेल तर कुणाकडे जाल? पाचही जणी ‘सुपरवायझरकडे’ म्हणाल्या, तर समिती भिंतीवरच आहे.

दुपारी कागद निघतात: मस्टर, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयची चलनं. किमान वेतन परिमंडळानुसार ठरतं आणि बांद्यासारखं ग्रामपंचायतीचं गाव सहसा शेवटच्या परिमंडळात येतं. त्यामुळे मुंबईचा दर लावून चूक काढायची नाही आणि जुन्या महागाई भत्त्यावर बरोबरची खूणही करायची नाही. इथवर सगळं जुळतं. मस्टरमध्ये दर रविवारी सुट्टी आहे.

आता ऑडिटर सुईची वही मागतो. शिवताना सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून, कागदाला चिकटवून, तारीख टाकून नोंद करायची असते, नाहीतर एखादा तुकडा कपड्यात राहून गिऱ्हाइकाला टोचतो. ही वही मालाच्या सुरक्षिततेची असल्याने मस्टर ‘नीट’ करणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जात नाही. आपल्या युनिटच्या वहीत सहा तारखा रविवारच्या निघतात. जनरेटरच्या डिझेलची नोंदही त्याच सहा दिवसांची आहे. सुट्टीच्या दिवशी सुई आपोआप मोडत नाही.

मग बायकांशी बोलणं. ऑडिटर हिंदीत विचारतो, शेजारी ऑफिसातला माणूस उभा, उत्तर येतं, “नाही साहेब, सगळं चांगलं आहे.” तोच प्रश्न एखाद्या बाई ऑडिटरने जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसापासून लांब बसून, “आयतवारी कामाक येवचा लागता काय गो?” असा विचारला, तर निदान एकमेकींकडे पाहिलं जातं. मुलाखतीची जागा, भाषा आणि कोण कुणाला निवडतं हे इथे यादीपेक्षा महत्त्वाचं ठरतं. मुलाखतीच्या बायकांची यादी ऑफिसने दिली असेल, तर ती मुलाखत नव्हे.

संध्याकाळच्या बैठकीत सुधारणा आराखड्यावर सह्या होतात. प्रत्येक त्रुटीपुढे कारण, उपाय, जबाबदार माणूस, मुदत आणि पुरावा. तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस अशा मुदती असतात. रविवारच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य उतरतं: “यापुढे रविवारी काम घेणार नाही, सुपरवायझरला प्रशिक्षण दिले.” महिन्याभराने प्रशिक्षणाचा फोटो ईमेलने जातो आणि त्रुटी बंद होते. त्यानंतर खरं एवढंच घडतं की सुईच्या वह्यासुद्धा दोन ठेवल्या जातात.

नीट केलेला पाठपुरावा हिशेबापासून सुरू होतो. महिना १३,००० रुपये पगार, २६ दिवस, म्हणजे दिवसाला ५००. सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस तास आधीच भरलेत, तेव्हा रविवारचे आठ तास ओव्हरटाइम झाले आणि कायद्याने दर दुप्पट, म्हणजे १,००० रुपये. मालकाने हातात ५०० दिले होते. चाळीस बायका, सहा रविवार, प्रत्येकी ५०० कमी: थकबाकी १,२०,००० रुपये. पुरावा म्हणून प्रशिक्षणाचा फोटो चालणार नाही. प्रत्येकीच्या खात्यात जमा झालेल्या रकमेचं बँकेचं पत्रक लागेल.

पुढचा प्रश्न कारणाचा. मालक सांगतो, कापड बारा दिवस उशिरा आलं, वर बायरने नमुन्याचा कॉलर दोनदा बदलला, पण शिपमेंटची तारीख हलली नाही. विमानाने माल पाठवायचा खर्च त्याच्या माथी बसणार होता. म्हणजे रविवारचं मूळ मर्चंडायझरच्या ईमेलमध्ये आहे. आराखड्यात मात्र बायरच्या नावाचा रकानाच नसतो. तो नाही तोवर पुढच्या हंगामात तीच त्रुटी परत येते, फार तर दुसऱ्या वहीत लपून.

हा रकाना पहिल्यांदा उघडला गेला तो बांगलादेशात. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सोशल ऑडिटं झालेली होती, पण खांब आणि बेकायदा चढवलेले मजले तपासणं त्या यादीत नव्हतंच. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात ‘ॲकॉर्ड’ करार झाला. यादी इंजिनिअरच्या हाती गेली, प्रत्येक कारखान्याचा सुधारणा आराखडा मुदतींसह सार्वजनिक झाला, दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहणं ब्रँडवर बंधनकारक ठरलं. शब्द मोडला तर लवादाकडे जाता येऊ लागलं.

भारतात हाच विचार तमिळनाडूतल्या दिंडीगलला आला. जानेवारी २०२१ मध्ये ईस्टमन एक्स्पोर्ट्सच्या नाची अपॅरल्स कारखान्यातल्या एका दलित तरुणीचा खून झाला. आरोप तिथल्या सुपरवायझरवर होता आणि त्याआधी तिचा छळ होत असल्याच्या तक्रारी होत्या. एप्रिल २०२२ मध्ये ‘दिंडीगल करार’ झाला. एका बाजूला बायकांच्या नेतृत्वाखालची टीटीसीयू ही कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्था, दुसऱ्या बाजूला ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एचअँडएम, गॅप, पीव्हीएच हे ब्रँड. त्यानुसार कामगारांमधल्याच प्रशिक्षित बायका मजल्यावर लक्ष ठेवू लागल्या. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याऐवजी रोज तिथे असणारी डोळस माणसं, आणि कारखाना मागे सरला तर ब्रँडचा दबाव.

पस्तीस वर्षांत यादीत भर पडत गेली आणि त्यातून दारं, मशीनचे गार्ड, पाण्याची सोय, लहान मुलं या दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच सुधारल्या, हे नाकारता येणार नाही. न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे रविवार, सुपरवायझरची जीभ, हातात मिळणारे सुटे पैसे, यांत फरक तिथेच पडला जिथे पाठपुराव्याच्या कागदावर बायरनेही सही केली. कोकणात उद्या कुणी शिलाईचं युनिट काढणार असेल तर त्याने ऑडिटची यादी जरूर पाठ करावी. पण पहिल्या ऑर्डरच्या करारातच लिहून घ्यावं: कापड जितके दिवस उशिरा येईल, तितके दिवस शिपमेंटची तारीख पुढे जाईल.