बेरीज जुळली, उत्तर चुकलं: ओव्हरहेडच्या मोठ्या गणिताचा मागोवा

२००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी मोडनिंब, टेंभुर्णी, कुर्डुवाडी या पट्ट्यातली मुलं बी.कॉम.ला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पेपर द्यायची. पुढे वार्षिक परीक्षा जाऊन सेमिस्टर आलं, २०२०-२१ मध्ये घरबसल्या मोबाईलवर पर्याय निवडून परीक्षा झाल्या, आणि मग पुन्हा हातात उत्तरपत्रिका आल्या. कॉस्टिंगमधलं ओव्हरहेड विभागणीचं मोठं गणित या सगळ्या बदलांतून टिकून राहिलं. मोठं म्हणजे आधी प्राथमिक विभागणी, मग सेवा विभागांची दुय्यम विभागणी, मग ताशी दर आणि शेवटी एका जॉबवर किती ओव्हरहेड बसला, इथपर्यंत जाणारं.

या काळात वहीतल्या चुकांची जात बदलत गेलेली मी पाहिली. पूर्वी शेवटची बेरीज जुळायची नाही आणि मुलं अस्वस्थ होऊन मागे जायची, शोधायची. पर्यायांच्या परीक्षेत सगळं गणित मांडायची गरजच उरली नाही. त्या दोन वर्षांनंतर आलेल्या मुलांची बेरीज बऱ्याचदा जुळते, त्यामुळे ती निर्धास्त असतात, आणि उत्तर मात्र चुकलेलं असतं. म्हणून या टिपणात चुका दोन गटांत ठेवल्या आहेत: बेरीज ज्या पकडते त्या, आणि ज्या पकडत नाही त्या. पेपर तपासायला उरलेली दहा मिनिटं कुठे घालवायची, हे त्यावरून ठरवा.

वर्गात सोडवलेलंच गणित घेऊ. शेतीची अवजारं करणारा कारखाना आहे. कटिंग आणि जोडणी हे दोन उत्पादन विभाग, देखभाल आणि स्टोअर हे दोन सेवा विभाग. महिन्याचं भाडं २५,००० रुपये, वीज ३६,०००, यंत्रांचा घसारा २४,०००. देखभाल विभागाचं प्रत्यक्ष साहित्य ३,००० आणि प्रत्यक्ष मजुरी १०,०००. स्टोअरची प्रत्यक्ष मजुरी १५,०००. कटिंग आणि जोडणीची प्रत्यक्ष मजुरीही गणितात दिली आहे.

पहिली ठेच इथेच लागते. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द दिसला की मुलं चारही विभागांची मजुरी सोडून देतात, नाहीतर चारही विभागांची तक्त्यात घेतात. दोन्ही चूक. कटिंगमध्ये पत्रा कापणाऱ्याची मजुरी थेट वस्तूच्या मूळ परिव्ययात जाते, तिला या तक्त्यात जागा नाही. देखभाल विभागातल्या फिटरची मजुरी त्याच्या विभागापुरती प्रत्यक्ष आहे, पण तो कोणतीही वस्तू बनवत नाही. म्हणून त्याची मजुरी आणि त्याच्या विभागाचं साहित्य हे पूर्ण ओव्हरहेड. ते कोणत्याही प्रमाणात न वाटता त्याच्याच रकान्यात उचलून ठेवायचं. तक्ता सुरू करण्याआधी कागदाच्या कडेला ओव्हरहेडची एकूण रक्कम लिहा: ८५,००० अधिक १३,००० अधिक १५,०००, म्हणजे १,१३,००० रुपये. हा आकडा शेवटपर्यंत लागणार आहे. पण लक्षात ठेवा, तो आकडाच चुकीच्या रकमा धरून लिहिला असेल, तर पुढे सगळं त्याच्याशी जुळेल आणि तरीही चुकलेलं असेल.

आता वाटपाचे आधार. भाड्याला जागा: २,०००, १,५००, ५०० आणि १,००० चौरस फूट. घसाऱ्याला यंत्रांची किंमत: तीन लाख, दोन लाख, एक लाख, आणि स्टोअरमध्ये यंत्र नाही. इथे फारसं कोणी चुकत नाही. चुकतात ते विजेत. कटिंगची यंत्रं २० हॉर्सपॉवरची, जोडणीची १०, देखभालीची ५. पुढच्याच ओळीत ती किती तास चालली ते दिलंय: १,०००, १,५०० आणि २०० तास. बरीच मुलं पहिली ओळ वाचतात आणि ३६,००० रुपये २०:१०:५ असे वाटून मोकळी होतात. मग देखभालीच्या वाट्याला ५,१४३ रुपये येतात आणि जोडणीच्या १०,२८६.

पण मोटर किती मोठी, एवढ्यावरच बिल येत नाही. ती किती वेळ फिरली हेही धरावं लागतं. हॉर्सपॉवरला तासांनी गुणा: २०,०००, १५,००० आणि १,०००. बेरीज ३६,०००, म्हणजे एका हॉर्सपॉवर-तासाला एक रुपया. देखभालीला १,००० रुपये, जोडणीला १५,०००. नदीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर आणि विहिरीवरची तेवढीच मोटर सारखीच वीज का खात नाहीत, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको. तक्त्यात मात्र ती ते विसरतात. उलट बाजूची चूकही होते. प्रश्नात ‘हॉर्सपॉवर-तास’ असंच दिलेलं असताना काही जण त्याला पुन्हा तासांनी गुणतात. म्हणून शीर्षक शब्दन् शब्द वाचा.

या चुकीत घातक काय, तर २०:१०:५ ने वाटलं तरी विजेची बेरीज ३६,०००च येते. आडवी जुळते, उभी जुळते. आधार चुकला आहे, हे बेरीज कधीच सांगत नाही. म्हणून आधारांची तपासणी आकड्यांनी होत नाही, एका प्रश्नाने होते: हा खर्च कशामुळे वाढतो? दिवे वाढले तर प्रकाशाचा खर्च वाढतो, माणसं वाढली तर कॅन्टीनचा, यंत्रं जास्त चालली तर विजेचा. प्रत्येक ओळीपुढे आधार लिहायची सवय ठेवा. तो लिहिलेला असला, तर पुढचा आकडा चुकला तरी परीक्षकाला तुमचा विचार दिसतो.

बरोबर केलं तर प्राथमिक बेरजा अशा येतात: कटिंग ४२,०००, जोडणी ३०,५००, देखभाल २०,५००, स्टोअर २०,०००. एकूण १,१३,०००.

आता दुय्यम विभागणी. जुन्या उत्तरपत्रिकांत सगळ्यात जास्त गुण इथेच गेलेले दिसतात, त्यामुळे थोडं सावकाश. देखभालीची सेवा कटिंगला ५० टक्के, जोडणीला ४०, स्टोअरला १०. स्टोअरची कटिंगला ४०, जोडणीला ४०, देखभालीला २०. दोघं एकमेकांना सेवा देतात, ही गोष्ट मुलांना पुस्तकी वाटते. साखर कारखान्यात ती रोज घडते: बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते आणि त्याच टर्बाइनची वीज बॉयलरचे पंखे आणि पंप चालवते. वाफेचा खर्च ठरवायला विजेचा हवा, विजेचा ठरवायला वाफेचा. म्हणून दोन्ही एकदम काढायचे.

देखभालीचा पूर्ण खर्च x आणि स्टोअरचा y धरा:

```
x = २०,५०० + ०.२० y
y = २०,००० + ०.१० x
```

दुसरं समीकरण पहिल्यात घातलं की ०.९८ x = २४,५०० येतं. म्हणजे x = २५,००० आणि y = २२,५००. समीकरण सोडवायला बहुतेकांना जमतं. घोटाळा त्यानंतर होतो.

एक गट विचार करतो की सेवा विभागाच्या रकान्यात शेवटी शून्य उरायला हवं, म्हणून पूर्ण २५,००० कटिंग आणि जोडणीत ५:४ ने आणि पूर्ण २२,५०० निम्मे-निम्मे वाटून टाकतो. मग दोन्ही उत्पादन विभागांची बेरीज १,२०,००० भरते. मूळ १,१३,००० होते, ७,००० जास्त कुठून आले? देखभालीने स्टोअरला दिलेले २,५०० आणि स्टोअरने देखभालीला दिलेले ४,५००, असे दोनदा मोजले गेले. दुसरा गट x आणि y काढतो, पण वाटताना परत जुने २०,५०० आणि २०,००० घेतो. त्याची बेरीज १,०६,९५० येते. कमी पडलेले ६,०५० म्हणजे २०,५०० चे १० टक्के आणि २०,००० चे २० टक्के.

फरक किती आहे यावरून चूक कोणती ते कळतं, हे या गणिताचं सुख आहे. बेरीज जास्त आली तर नवी रक्कम पूर्ण वाटली. कमी आली तर जुनीच रक्कम वाटली. बरोबर रीत एकच: x आणि y नवे घ्यायचे, पण टक्केवारी दिलेलीच ठेवायची. कटिंगला २५,००० चे ५० टक्के आणि २२,५०० चे ४० टक्के, म्हणजे १२,५०० आणि ९,०००. जोडणीला १०,००० आणि ९,०००. कटिंग ६३,५००, जोडणी ४९,५००, मिळून १,१३,०००.

पुनर्वाटप पद्धतीने केलं तरी हेच उत्तर यायला हवं. देखभालीचे २०,५०० वाटले की स्टोअरला २,०५० मिळून तिथे २२,०५० होतात. ते वाटले की देखभालीला ४,४१० परत, मग स्टोअरला ४४१, देखभालीला ८८, स्टोअरला ९. चुकतात ते दुसऱ्या फेरीनंतर कंटाळून थांबणारे. रक्कम दहा रुपयांच्या आत आली की तिचा उरलेला भाग उत्पादन विभागांतच टाका, सेवा विभागाकडे परत पाठवू नका. नाहीतर रकाना कधीच बंद होणार नाही. आणि प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर तीच वापरा. पायऱ्यांचे गुण त्या पद्धतीचे असतात.

उरतो दर. कटिंगचा ओव्हरहेड यंत्र-तासावर बसवायचा आहे, जोडणीचा मजूर-तासावर. कटिंग ६३,५०० भागिले १,००० तास, ताशी ६३.५० रुपये. जोडणीत मजूर-तास ३,००० दिलेत, पण वर विजेच्या ओळीत १,५०० हा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि हात आपोआप तोच उचलतो. मग १६.५० ऐवजी दर ३३ रुपये निघतो. एका अवजाराला कटिंगमध्ये ४ यंत्र-तास आणि जोडणीत ६ मजूर-तास लागले, तर बरोबर ओव्हरहेड २५४ अधिक ९९, म्हणजे ३५३ रुपये. चुकलेला निघतो ४५२. इथेही बेरीज गप्प असते, कारण १,१३,००० पर्यंतचं सगळं बरोबरच असतं.

ही चूक पकडायची असेल तर उलटा हिशोब करा. निघालेला दर प्रश्नात दिलेल्या त्याच प्रकारच्या एकूण तासांनी गुणा: १६.५० गुणिले ३,००० मजूर-तास, म्हणजे ४९,५००. विभागाचा पूर्ण ओव्हरहेड परत आला. ३३ ला ३,००० ने गुणलं तर ९९,००० येतात, कारखान्याने या विभागावर केलेल्या खर्चाच्या दुप्पट. मात्र गुणताना तास प्रश्नपत्रिकेतून पुन्हा वाचून घ्या. स्वतःच्या तक्त्यातले उचलले तर १,५०० पुन्हा तिथेच बसलेले असतील, आणि ३३ गुणिले १,५०० हेही ४९,५००च येतात.