किमतीबाहेरचे घर

घर घेणाऱ्याला आपण विचारतो ते किंमत आणि हप्ता. या दोहोंच्या मध्ये जी रक्कम असते, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. गेल्या वर्षी माझ्या भाचीने पुण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. त्याचे कागद मी पाहिले, आणि ती रक्कम मला नीट मोजता आली.

करारातली किंमत 60 लाख. बँकेने 80 टक्के, म्हणजे 48 लाख कर्ज दिले. उरलेले 12 लाख तिने साठवले होते आणि तेवढ्यात भागेल असे घरात सगळे धरून चालले होते. पण पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के पडतात. ते झाले 4 लाख 20 हजार. नोंदणी शुल्क 1 टक्का, मात्र त्याला 30 हजारांची मर्यादा आहे. वर 5 टक्के जीएसटी, 3 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर घेतले असते, तर हा जीएसटी लागला नसता.

खरी मेख पुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ठरवताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरता येत नाही. सूट आहे ती फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांना. भाचीच्या बँकेने जीएसटीही धरला नाही. म्हणजे वरचे साडेसात लाख हप्त्यांत विरघळत नाहीत, ते थेट बचतीतून जातात. बाराचे साडेएकोणीस झाले ते इथे.

करार केवळ स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. इथे 60 हजार वाचले असते. नवऱ्याचे नाव मालक म्हणून जोडले की ती जाते. तो नुसता सहकर्जदार राहू शकतो, हे तिला करार झाल्यावर कळले. जुना फ्लॅट घेणाऱ्याने आणखी एक पाहावे: शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या मूल्यावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. स्वस्तात मिळालेल्या घरालाही महाग शुल्क पडते ते यामुळे.

ताबा घेताना बिल्डरने दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ मागितला. महिना साडेतीन हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी. जवळपास एक लाख. हा पैसा बिल्डरचा नव्हे. कायद्याने तो वेगळ्या खात्यात ठेवून, सोसायटी स्थापन झाल्यावर तिला हिशेबासह द्यावा लागतो. नव्या सोसायटीने पहिल्याच सभेत तो हिशेब लेखी मागावा. मागाहून आठवण काढली की पावत्या सापडत नाहीत.

आणि मग घर लावणे. सॅम्पल फ्लॅटमधली कपाटे, पंखे, पडदे करारात नसतात. करारातली सोयीसुविधांची यादी वाचली की ते कळते. ओट्याखालच्या ट्रॉल्या, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर यांत साडेतीन लाख गेले, तेही सोफा न घेता.

बेरीज 24 लाख. त्यातले शेवटचे दोन तिने भिशीतून उचलले.