स्नायूचा थकवा आणि मृत्यूनंतरची ताठरता

कंकालस्नायूच्या प्रत्येक तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात. कॅल्शियम सुटले की मायोसिनचे डोके ॲक्टिनला धरते, ओढते, आणि एटीपीचा रेणू येऊन चिकटला की पकड सोडते. एटीपी ओढण्यासाठी लागतो हे बहुतेकांना ठाऊक असते. तो सोडण्यासाठीही लागतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

तंतूत साठलेला एटीपी जोराच्या हालचालीत दोन-तीन सेकंदच पुरेल इतका असतो. तो पुन्हा तयार करण्याच्या रीतीवरून तंतूंचे प्रकार पडतात. संथ तंतू ऑक्सिजन वापरतात. त्यांत मायोग्लोबिन भरपूर असल्याने ते लालसर दिसतात आणि तासन्‌तास काम करतात. पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू मुख्यतः अशाच तंतूंचा असतो, म्हणून माणूस बराच वेळ उभा राहू शकतो. जलद तंतू ग्लायकोजेन झपाट्याने मोडून जोर काढतात, पण लवकर थकतात. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती फिकट दिसते, ती याच फरकामुळे. या दोहोंमधला, जलद असूनही ऑक्सिजन बऱ्यापैकी वापरणारा तिसरा प्रकारही असतो.

थकव्याचे खापर अनेक वर्षे लॅक्टिक आम्लावर फुटत आले. चारशे मीटर धावताना ते वाढते खरे, पण मुख्य अडथळा बहुधा वेगळा असतो. क्रिएटिन फॉस्फेट मोडून साचलेला फॉस्फेट मायोसिनची पकड कमजोर करतो आणि कॅल्शियमही कमी सुटते. मॅरेथॉनमध्ये ग्लायकोजेन आटते, शिवाय मेंदूकडून येणारी चेतनाही मंदावते. कसाही थकवा आला, तरी तंतूतला एटीपी संपत नाही. तो धोक्याच्या पातळीला जाण्याआधीच काम मंदावते.

मृत्यूनंतर हे संरक्षण उरत नाही. रक्तपुरवठा थांबतो, उरलेल्या ग्लायकोजेनवर एटीपी काही काळ बनत राहतो, मग संपतो. कॅल्शियम आत झिरपते, मायोसिन ॲक्टिनला धरते आणि सोडणारे कोणी नसल्याने तसेच अडकून राहते. ताठरता सर्व स्नायूंत जवळपास एकाच वेळी सुरू होते, पण पापण्या, जबडा, मान अशा लहान स्नायूंत आधी जाणवते. साधारणतः दोन ते चार तासांत ती दिसू लागते, बारा तासांच्या सुमारास पूर्ण होते आणि पुढे एक-दोन दिवसांत ओसरते. ओसरण्याचे कारण एटीपी परत येणे नव्हे. विकरे प्रथिनांची बांधणी तोडतात.

धावपळ किंवा झटापट करताना मेलेल्या माणसाचे ग्लायकोजेन आधीच खर्च झालेले असते, त्यामुळे त्याचे शरीर लवकर ताठरते. उन्हाळ्यातही सगळे लवकर घडते, थंडीत उशिरा. म्हणून जबडा ताठ आणि पाय सैल एवढ्यावरून शवविच्छेदन करणारा डॉक्टर मृत्यूची नेमकी घटका सांगत नाही. शरीराचे तापमान आणि रक्त साकळल्याच्या खुणांशी ताडून तो अंदाजे कालावधी देतो. सांधा कोणी आधीच जोराने वाकवला असेल, तर पूर्ण आलेली ताठरता तिथे पुन्हा येत नाही, आणि तो सैल सांधा तपासणाऱ्याला चकवू शकतो.